उणे पाच राहून गेलं

अनुजा चौगुले सहाव्यांदा लिफ्टमध्ये शिरली, तेव्हा वॉचमनचा धीर सुटला.

"ओ ताई, कुणाकडं जायाचं हाय नेमकं? मगाधरनं नुसतं वर-खाली चाललंय तुमचं."

"कुणाकडं न्हाई. बटणं बघायची होती," अनुजा म्हणाली.

वॉचमननं तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. अंगावर साधी साडी, खांद्याला पिशवी, हातात शंभरपानी वही. चोर दिसत नव्हती, शहाणीही दिसत नव्हती. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या दुकानांच्या इमारतीत लोक कपडे घ्यायला येतात, दात काढून घ्यायला येतात. लिफ्टची बटणं बघायला आजवर कुणी आलं नव्हतं. अनुजानं मात्र शांतपणे वहीत उतरवून घेतलं: पाच, चार, तीन, दोन, एक, जी, उणे एक, उणे दोन. खालच्या दोन्ही मजल्यांवर पार्किंग. मग तिनं वही मिटली आणि कबनूरची बस गाठायला निघाली.

सोमवारी तिला कोल्हापुरातल्या एका शाळेच्या क्लार्कचा फोन आला होता. अप्पा त्यांचं नाव. अप्पांनी फोनवर एका दमात सगळं वाचून दाखवलं. जागा एक, सहावी ते आठवीच्या गणिताची. उमेदवार दहा. गुरुवारी सकाळी वर्गावर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, त्यानंतर मुलाखत. इयत्ता सहावी ब. घटक पूर्णांक संख्या, म्हणजे शून्य आणि त्याच्या वरच्या-खालच्या संख्या, संख्यारेषेवर शिकवायच्या. "साहित्य तुमचं तुम्ही आणा," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला होता.

तेव्हापासून अनुजाला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याला कारण होतं. अनुजा अडतिसावं संपवत आली होती. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, लग्न होऊन कबनूरला यंत्रमागांच्या खडखडाटात आली आणि चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. तासिका तत्त्व हे भारदस्त नाव कागदावरचं. गावाच्या भाषेत ती 'तासावरची बाई'. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी निवृत्त झालं, की अनुजाला बोलावणं यायचं. त्या बाई हजर झाल्या की अनुजानं डस्टर टेबलावर ठेवून निघायचं. इचलकरंजीत दोन शाळा झाल्या, हुपरीत एक झाली, मध्ये एक वर्ष शिरोळच्या बाजूला. दर जूनला तिच्या जिवाला घोर. यंदा बोलावतील की नाही? शिक्षकांच्या खोलीत तिला कधी स्वतःचं कपाट मिळालं नाही. एका शाळेत तर चौथ्या वर्षीही शिपाई विचारायचा, "बाई, आपण कुठल्या?"

याआधी दोनदा अशी मुलाखत झाली होती आणि दोन्हीदा दुसऱ्याचं नाव लागलं होतं. येत्या फेब्रुवारीत अडतीस पूर्ण झाली की वयाची अट उलटणार होती. म्हणजे हे शेवटचं. गुरुवारी नाव लागलं तर ती कुठल्यातरी शाळेची बाई होणार, नाहीतर मरेपर्यंत तासावरची. यात तिसरं काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या आठवड्यात घरात कुणी तिच्याशी मोठ्यानं बोलत नव्हतं. मागांच्या घरात हळू बोलायचं म्हणजे केवढं अवघड काम!

एकटे सासरे नेहमीच्याच आवाजात बोलत. आकारामअण्णांनी चाळीस वर्षं मागावर जॉबरकी केली होती. बिघडलेला माग नीट करणारा तो जॉबर. चाळीस वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय हेच माहीत नसतं. पण हात अजून सोन्याचे. फ्रिजच्या खोक्याचा उभा लांब पुठ्ठा त्यांनी कापला. वर एक आणि खाली एक, अशा मागावरच्या सुताच्या दोन रिकाम्या कांड्या बसवल्या, त्यांवरून सुताचा फेरा घेतला आणि सुताला काडेपेटी बांधली. सूत एका बाजूनं ओढलं की काडेपेटी सरसर वर, दुसऱ्या बाजूनं ओढलं की खाली.

"ही घे तुजी लिफ्ट," अण्णा म्हणाले. "दार तेवढं न्हाय."

अनुजानं मजल्यांच्या खुणा करायला घेतल्या. वर पाच ते एक, मधे शून्य, खाली उणे एक, उणे दोन. शून्याचा गोल काढला आणि तिचा हात थांबला. लिफ्टमध्ये शून्य कुठं होतं? तिथं तर ग्राउंडचा जी होता. पोरं कोल्हापूरची, त्यांतल्या निम्म्या-अधिकांनी लिफ्ट पाहिलेली असणार. बाईंनी भलतंच लिहून आणलं म्हणून एखादं फिस्सकन हसलं तर? समितीसमोर?

"अण्णा, शून्य लिहू का जी?"

"लिफ्टमदी काय असतंय?"

"जी."

"मग जी लिव की. जे हाय ते हाय. उगंच मनाचं कशाला घालतीस?"

अण्णांचं म्हणणं तिला पटलं. तिनं शून्यावर कागद चिकटवला आणि ठसठशीत जी काढला. सहा वेळा लिफ्टमधून फिरून आलेल्या माणसाला आपण अगदी खरं तेच दाखवतोय याचं समाधान वाटलं, तर त्यात नवल ते काय? पुठ्ठ्याच्या पाठीमागं तिनं तापमापी काढली, वर दहा अंशांपासून खाली उणे दहा अंशांपर्यंत. तिथं मात्र मधोमध शून्य बरोबर लिहिलं.

गुरुवारी सकाळी ती पुठ्ठा छातीशी धरून बसमध्ये उभी राहिली. कंडक्टरनं पुठ्ठ्याचं तिकीट मागितलं नाही, हा दिवसातला पहिला आणि बराच वेळ शेवटचा दिलासा.

सहावी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याच्या बाजूला. छत्तीस मुलं. मागच्या बाकावर समितीचे तिघे बसले होते. मधे संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह, त्यांच्या डाव्या हाताला मुख्याध्यापक आणि उजव्या हाताला विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या मधुवंती बाई. बाई गणिताच्या, बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. चष्म्यावरून बघायची त्यांची रीत अशी, की अनुजाला एकदम आपण सहावीत असल्यासारखं वाटायला लागलं. अप्पा क्लार्क दारात घड्याळ लावून उभे.

"करा सुरू. वीस मिन्टं."

सुरुवात बरी झाली. पुठ्ठा फळ्याला टांगला आणि काडेपेटी सूत ओढून वर सरकवली, तसा सगळा वर्ग पुढं झुकला. पोरांना दुसरं काय पाहिजे! लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आहे, तीन मजले वर गेली, कुठं आली? पाच! जमिनीच्या खाली पार्किंगचे दोन मजले आहेत, त्यांना काय म्हणायचं? उणे एक, उणे दोन! जमिनीच्या वरचे धन, खालचे ऋण. अनुजाचा आवाज स्थिर झाला.

"आता सांगा, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आहे. उणे दोनवर गाडी लावलेली आहे. किती मजले उतरायचे?"

"चार!" पहिल्या बाकावरचा राजवीर ओरडला.

"नीट मोज."

"चारच हाय की बाई."

"इकडं ये. बोट ठेवून मोज."

राजवीर आला. बोट तिनावर ठेवलं आणि खाली सरकवत मोजायला लागला. "दोन, एक. उणे एक, उणे दोन. चार." मधल्या जी वरून त्याचं बोट टुणकन उडी मारून गेलं होतं.

"आणि हे मधलं?"

"ते जी हाय की. त्यो नंबर कुठं हाय?"

निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. "व्हय बाई, त्यो नंबर न्हाय."

मागं मधुवंती बाईंचं पेन कागदावर चाललेलं तिला दिसलं. काय लिहिलं असेल? पोरगा चुकला असं, की बाई चुकली असं? खरं सांगायचं तर समितीला काही कळायचं कारण नव्हतं. 'जी पण एक मजला आहे, तो धरून मोज,' एवढं म्हटलं असतं, राजवीर जागेवर गेला असता आणि पाठ पुढं सरकला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. पण राजवीर तिच्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. पोरानं समोर जे लिहिलं होतं ते अगदी चोख मोजलं होतं.

"राजवीर, तू बरोबर मोजलंस," ती म्हणाली. "मी चुकीचं लिहून आणलंय."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाई चुकल्या हे बाईच सांगतात, असं रोज घडत नाही.

"जी हे त्या मजल्याचं नाव आहे. पण जमिनीच्या किती वर आहे तो? एक वर? दोन वर?"

"कायच न्हाय. जमिनीवरच हाय."

"मग त्याची संख्या कुठली?"

राजवीरनं जी वर बोट ठेवलं. "शून्य?"

तिनं जी चा कागद टरकावून काढला. खाली परवाचं शून्य होतंच, फक्त डिंकानं पिवळं पडलेलं. "आता परत मोज. मजले मोजू नकोस, उड्या मोज. तिनावरून दोनावर एक उडी."

"एक. दोन. तीन…" तिसरी उडी शून्यावर पडली. "चार. पाच! पाच हाय, बाई!"

मग तिनं पुठ्ठा खाली उतरवून आडवा धरला, वरचं टोक उजवीकडे. मधे शून्य, उजवीकडे एक, दोन, तीन, डावीकडे उणे एक, उणे दोन. "उभी होती तोवर लिफ्ट. आडवी केली की संख्यारेषा. उजवीकडं जाल तशी संख्या मोठी होत जाते, डावीकडं जाल तशी लहान." फळ्यावर रेघ ओढताना खडू मोडला, एवढाच काय तो अपशकुन. तिनं घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं उरली होती. राजवीरच्या उड्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला होता.

तिनं घाईनं पुठ्ठा उलटा केला. तापमापी. "एका गावात पहाटे तापमान उणे पाच अंश, दुसऱ्या गावात उणे तीन. कुठल्या गावात तापमान जास्त?"

"उणे पाच!" खिडकीजवळून आवाज आला. मोना नावाची मुलगी उभी राहिली होती, दोन वेण्या आणि कमरेवर हात. "थंडी जास्त हाय न्हवं तिथं. आमचं आईस्क्रीमचं दुकान हाय बाई. फ्रिजवर आकडा येतोय. मी बघतो की रोज."

कोल्हापूरच्या पोरी 'मी बघतो'च म्हणतात, त्यात काही वावगं नाही.

"काय येतो आकडा?"

"उणे पंधरा असला की पप्पा म्हणतात, कूलिंग वाढीव. मग उणे अठरा होतंय. वाढीवल्यावर झालं म्हणजे उणे अठरा मोठं. मग उणे पाच पण उणे तीनपेक्षा मोठं."

झालं! दुकानाच्या मालकाची मुलगी आणि दुकान आईस्क्रीमचं. वर्गात तिच्याएवढा जाणकार दुसरा कोण असणार? आत्तापर्यंत उणे तीन म्हणायला निघालेलेही 'व्हय, व्हय, उणे पाच' करायला लागले. मोनाच्या शेजारची तेजस्वी तर बाक वाजवायला लागली. अनुजा म्हणाली, "थांबा, कूलिंग वाढलं म्हणजे तापमान…"

"टाइम!" दारातून अप्पा ओरडले.

समितीचे तिघे उठले. मुलं उठून उभी राहिली आणि एका सुरात "धन्यवाद, बाई" म्हणाली. अनुजा पुठ्ठा काखोटीला मारून बाहेर आली, ती पाय ओढतच.

मुलाखतीसाठी थांबायचं ते खालच्या प्रयोगशाळेत. तिथं बाकीचे नऊ उमेदवार आधीच बसले होते. कुणी फाइल चाळत होतं, कुणी ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ म्हणत होतं. अप्पांनी सगळ्यांना बजावलं, "पाठ झालेल्यांनी परत वर्गाकडं फिरकायचं न्हाय. पुकारलं की हजर पायजे. चौगुले बाई, तुमचा नंबर पाचवा, अर्धा तास तरी लागंल."

अनुजा स्टुलावर बसली. मुलाखतीत काय विचारतील याची उजळणी करायला हवी होती, पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. वर छत्तीस मुलं बसली होती आणि त्यांतली बहुतेक उणे पाच हे उणे तीनपेक्षा मोठं मानून बसली होती. चूक मोनाची नव्हती. तिनं रोज डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं होतं. तिचं उत्तर वर्गाला पटलं होतं आणि बाईंनी ते खोडलं नव्हतं. उलट बाईंनी स्वतःची एक चूक कबूल केली होती. म्हणजे पोरांच्या लेखी आजचा हिशेब साफ होता. राजवीर बरोबर, मोना बरोबर, बाई चूक.

जाऊ दे, ती स्वतःला म्हणाली. त्यांची बाई सांगेल की उद्या. पण कुठली बाई? त्यांना गणिताची बाई नव्हती म्हणूनच तर ही जागा निघाली होती. उद्या तासावरचं कुणी येणार, परवा दुसरं कुणी, जो तो आपापला घटक घेऊन. उणे पाचकडे परत फिरून कोण बघणार? आणि हे एकदा असं डोक्यात बसलं, की आठवीत समीकरणं आली तरी तिथंच बसून राहतं. असली बसलेली मुलं तिनं चौदा वर्षांत ढिगानं पाहिली होती. प्रत्येक वेळी वाटायचं, कुणीतरी वेळेवर पाच मिनिटं दिली असती तर.

पहिलं नाव पुकारलं गेलं. दहा मिनिटांनी दुसरं, मग तिसरं, मग चौथं. वर गेले आणि कुणी पाहिलं, तर? नंबर निघून गेला, तर? फेब्रुवारी. अडतीस. घरी हळू बोलणारी माणसं. एवढं सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक उणे पाच. कुणाही शहाण्या माणसानं जागा सोडली नसती.

अनुजा उठली आणि जिना चढून वर गेली.

सहावी ब मध्ये कालिंदी बाई मराठीचा तास घेत होत्या. पन्नाशीच्या, जाडसर चष्म्याच्या. दारात पुठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या उमेदवाराला बघून त्या बुचकळ्यात पडल्या.

"बाई, पाच मिनिटं द्याल? माझं राहून गेलंय."

"काय राहिलं? पेन?"

"उणे पाच."

कालिंदी बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुस्तकात बोट घातलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "घ्या. पण लवकर घ्या. अप्पा बघतील तर माझी पण धडगत न्हाई."

अनुजा सरळ मोनाच्या बाकाशी गेली. "मोना, उणे अठराच्या फ्रिजमधून आईस्क्रीमचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं काय होईल?"

"इतळंल की."

"म्हणजे त्याचं तापमान वाढेल का कमी होईल?"

"वाढंल."

"उणे अठरावरून वाढत निघालं. पुढचा आकडा कुठला?"

मोनानं बोटांवर काहीतरी केलं. "उणे… सतरा."

"मग?"

"उणे सोळा. उणे पंधरा." आता मागून सगळा वर्ग म्हणायला लागला. चौदा, तेरा, बारा, खाली उतरल्यासारखे वाटणारे आकडे आणि तापमान मात्र चढणीला लागलेलं. उणे पाच आलं, उणे चार आलं, उणे तीनवर अनुजानं हात वर केला.

"थांबा. उणे पाचवरून वाढत वाढत उणे तीनवर आलो. मग मोठं कोण?"

"उणे तीन!" राजवीर बाकावर चढायचाच बाकी होता.

"मोनाचे पप्पा बरोबर बोलतात. कूलिंग वाढलं. पण कूलिंग वाढलं की तापमान कमी होतं. आपण थंडी नाही मोजत, तापमान मोजतो. तापमापीवर बघा, उणे तीन वर आहे, उणे पाच खाली." तिनं पुठ्ठा आडवा केला. "रेषेवर बघा, उणे तीन उजवीकडं. हात वर करा, कुणाला उणे तीन मोठं वाटतं?"

हात वर आले. तिनं मोजले, चौतीस. मोना आणि तेजस्वी एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. मोनाच्या कपाळाला आठ्या. "पण पप्पा वाढीव म्हणतात," ती पुटपुटली.

खालून अप्पांचा आवाज आला. पहिल्यांदा आला तेव्हा नाव नीट कळलं नाही. दुसऱ्यांदा मात्र सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. "चौगुले! अनुजा चौगुले!"

ती पळाली. जिन्यात पुठ्ठा कठड्याला अडकला, कांडी निसटली आणि काडेपेटी घरंगळत गेली. ती उचलायला ती थांबली नाही. खाली पोचली तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार लागलेलं होतं आणि अप्पा यादीवर पेन टेकवून उभे होते.

"दोनदा पुकारलं. गैरहजर लिवलंय."

"मी इथंच होते हो. वर होते."

"वर जायाचं न्हाय म्हणून सांगितलंतं का न्हाय? सहावा नंबर आत गेलाय. आता माज्या हातात काय न्हाय."

अनुजा भिंतीला टेकली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं आणि लगेच रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडावर धरून. चौदा वर्षं! आणि घालवली ती पाच मिनिटांत, तीही स्वतःच्या पायानं वर चालत जाऊन. घरी काय सांगणार? वेळेवर हजर नव्हते म्हणून? अण्णा त्यांच्या त्या आवाजात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतील, "मग हुतीस कुटं?"

अप्पांना काय वाटलं कोण जाणे. सहावा उमेदवार बाहेर आल्यावर ते आत गेले, काहीतरी बोलले, बराच वेळ बोलले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर घेत्यात. शेवटाला. बसा तितं, आणि आता कुटं हलू नका."

शेवटचा नंबर यायला दीड वाजला. आत पंखा फिरत होता आणि तिघेही दमलेले होते. अमरसिंहांनी कागद खाली-वर केला.

"चौगुले बाई, वेळ पाळता येत न्हाई, तर शाळा कशी पाळणार? कुठं गेलता?"

"सहावी ब मध्ये. उणे पाच राहून गेलं होतं, सर."

मुख्याध्यापकांनी भुवया वर केल्या. मधुवंती बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि? वर्गानं शेवटी काय सांगितलं?"

"चौतीस जणांनी उणे तीन मोठं म्हणून सांगितलं. दोघी राहिल्या."

"कोण दोघी?"

"आईस्क्रीमवाली मोना आणि तिच्या शेजारची. मोनाला अजून पटलेलं नाही. घरी रोज वाढव, वाढव ऐकते ती, एकदम नाही निघायचं. तिला फ्रिजच्या आकड्यांचीच रेषा काढायला सांगायला पाहिजे. उद्या बघते मी तिचं."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"उद्या तुम्ही इथं नसाल, बाई," मधुवंती बाई हळूच म्हणाल्या.

"हो," अनुजा म्हणाली. "नसेन." मुलाखतीत आणखी काय विचारलं आणि तिनं काय उत्तरं दिली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, नाही वाजला की त्याहून जास्त. अण्णांनी एकदाच विचारलं आणि खरं काय ते ऐकल्यावर पुन्हा विचारलं नाही. त्या माणसानं त्या दिवशी चक्क हळू आवाजात म्हटलं, "बरं केलंस," आणि अण्णा मागाकडे निघून गेले. अनुजाला त्यानं धीर आला नाही, उलट जास्तच भीती वाटली. अण्णांनीही आशा सोडली, असंच तिनं धरलं.

सव्वा महिन्यानं यादी लागली. एका जागेला एकच नाव होतं. ते तिनं चार वेळा वाचलं, मग नवऱ्याला वाचायला लावलं, मग मधल्या नावासकट पुन्हा एकदा.

सोमवारी ती सहावी ब च्या वर्गावर गेली. हजेरी घेतली. मुलांनी तिला ओळखलं. राजवीरनं तर लिफ्ट आणली का म्हणून विचारलंसुद्धा. तिनं फळ्यावर रेघ ओढली, मधे शून्य मांडलं आणि मोनाला नि तेजस्वीला पुढं बोलावलं.

"मोना, उणे पाच आणि उणे तीन. मोठं कोण?"

मोनानं तेजस्वीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि हनुवटी वर करून ठामपणे सांगितलं, "उणे पाच."

वर्ग हसला. अनुजालाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. सव्वा महिन्यात कुणी या पोरीकडे वळून पाहिलं नव्हतं. तिनं खडूचे दोन तुकडे केले आणि एक मोनाच्या हातात दिला.

"बरं. आपल्याकडं वर्षभर वेळ आहे," ती म्हणाली. "फ्रिजवर काल रात्री कुठला आकडा होता, तो आधी मांड."